तीन सेंटिमीटरचा हिशेब

फेब्रुवारी २०२१ मध्ये रांचीत प्रियांका गोस्वामीने २० किलोमीटर चालण्याची शर्यत १ तास २८ मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण केली आणि राष्ट्रीय विक्रम केला. टोकियो ऑलिम्पिकच्या पात्रतेसाठी १ तास ३१ मिनिटांच्या आत यायचं होतं, तेही साधलं. या वेळेच्या मागे पावलांचा हिशेब काय असतो, तो मांडून पाहू.

आधी सगळ्याचे सेकंद करायचे. ८८ मिनिटे ४५ सेकंद म्हणजे ५,३२५ सेकंद. त्याला २० ने भागलं की २६६.२५, म्हणजे दर किलोमीटरला ४ मिनिटे २६ सेकंद. सेकंद करायचा आळस केला की हमखास चूक होते. ८८.७५ मिनिटांना २० ने भागून ४.४४ आलं की अनेकजण ते ४ मिनिटे ४४ सेकंद म्हणून वाचतात. तो आकडा मनात धरून चाललात, तर शेवटी जवळजवळ सहा मिनिटं उशीर होईल.

आता पावलं. या वेगाने मिनिटाला सुमारे २२५ मीटर अंतर कापलं जातं. एक पाऊल १.१० मीटरचं धरलं तर २२५ भागिले १.१०, म्हणजे मिनिटाला २०५ पावलं. एका पावलाला सेकंदाचे तीन दशांशसुद्धा मिळत नाहीत.

हा भागाकार सोपा आहे, पण त्यातली पावलाची लांबी ज्याची त्याने मोजावी लागते, आणि तीही शर्यतीच्या वेगात. मी दोन तासांचं लक्ष्य ठेवलं होतं, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं, मिनिटाला १६७ मीटर. पहिल्यांदा मी रमतगमत चालत पाऊल मोजलं, ते ७८ सेंटिमीटर भरलं. त्यावरून मिनिटाला २१४ पावलं निघाली आणि मी हबकलोच. मग मैदानावर १०० मीटर आखून घेतले, नीट वेग धरून ते ३६ सेकंदांत पार केले आणि फक्त उजवा पाय किती वेळा टेकला ते मोजलं. ५४ वेळा, म्हणजे १०८ पावलं. पाऊल आता जवळपास ९३ सेंटिमीटरचं झालं होतं, आणि मिनिटाला १८० पावलं पुरत होती. वेग वाढला की कंबर जास्त फिरते आणि पाऊल आपोआप लांबतं, म्हणून निवांत चालीचं माप इथे चालत नाही. सरावाला फोनवर मेट्रोनोम लावायचा, पण १८० टोले कानाला फार दाट लागतात. मी ९० लावतो आणि प्रत्येक टोल्याला उजवा पाय टेकवतो.

मग पाऊल आणखी लांब का टाकू नये? नियम आडवे येतात. पंचाच्या नुसत्या डोळ्यांना दिसेल असे दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटता कामा नयेत, आणि पुढचा पाय टेकल्यापासून सरळ उभा होईपर्यंत त्याचा गुडघा वाकता कामा नये. कॅमेऱ्याने टिपलं तर अव्वल खेळाडूंचेही पाय सेकंदाच्या तीन शतांश भागाइतके सुटलेले दिसतात. डोळ्यांना ते कळत नाही. पण प्रियांकाच्या वेगाने एवढ्याशा वेळात शरीर ११ सेंटिमीटर पुढे गेलेलं असतं. म्हणजे १.१० मीटरच्या पावलातला दहावा हिस्सा हवेतच जाऊ शकतो. त्यापुढे लांबी ओढायला गेलं की पाय सुटलेले दिसतात किंवा टाच फार पुढे पडून गुडघा वाकतो.

खरी परीक्षा पंधराव्या किलोमीटरनंतर असते. समजा २०५ ची लय टिकली, पण थकव्याने पाऊल १.१० वरून १.०७ मीटरवर आलं. फक्त तीन सेंटिमीटर. पण किलोमीटरचा वेळ ४:२६ वरून ४:३३ वर जातो, आणि ४:३३ म्हणजे नेमकी टोकियोच्या पात्रतेची सीमारेषा! अख्खी शर्यत अशी चालली तर राष्ट्रीय विक्रमाची वेळ काठावर येते.

हे ओळखायला घड्याळ आणि मोजणी दोन्ही लागतात. पावलांची संख्या तीच आहे, पण किलोमीटर उशिरा संपतोय, तर पाऊल आखडलं आहे. संख्याच घटली असेल तर लय सुटली आहे; तेव्हा हात जरा आखूड आणि भरभर हलवले की पायही बहुधा मागोमाग येतात. आखडलेलं पाऊल मात्र जोर लावून लांबवू नये. शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये सात-सात सेकंद गेले तर ३५ सेकंदांचं नुकसान होतं. पण ते लांबवताना नियम मोडला आणि त्याबद्दल तीन वेगवेगळ्या पंचांची लाल कार्डं लागली, तर जिथे दंड-क्षेत्र असतं तिथे २० किलोमीटरच्या शर्यतीत दोन मिनिटं थांबावं लागतं, आणि जिथे ते नसतं तिथे खेळाडू थेट बाद होतो.