पाऊण इंच की अर्धा? टेबलावरचा हीट एक्सचेंजर

केमिकल इंजिनीअरिंगची मुलं टेबलावर मावेल असा, गरम पाण्याची उष्णता गार पाण्याला देणारा हीट एक्सचेंजर करायला घेतात, तेव्हा पहिला वाद पाइपवरून होतो. सगळ्यात सोपी रचना म्हणजे पाइपात पाइप. आत तांब्याची तीन सुती, म्हणजे बाहेरून सुमारे साडेनऊ मिलिमीटर व्यासाची नळी, एसी दुरुस्तीवाले वापरतात तीच. बाहेर सीपीव्हीसी पाइप, घरात गरम पाण्यासाठी बसवतात तो. साधा पीव्हीसी नको, साठ अंशांच्या आसपास तो मऊ पडायला लागतो. गरम पाणी आतून आणि गार पाणी बाहेरच्या फटीतून, उलट दिशेने. गरम पाणी आत ठेवलं की खोलीत वाया जाणारी उष्णता कमी होते.

बाहेरचा पाइप पाऊण इंची घ्यावासा वाटतो, कारण नळी त्यात सहज सरकते. पण फट जेवढी रुंद, तेवढं त्यातलं पाणी संथ, आणि संथ पाणी उष्णता सावकाश उचलतं. एक ढोबळ हिशेब पाहा: दोन मीटर लांबी, दोन्हीकडे मिनिटाला 2 लिटर, गरम पाणी 60 अंशांवर, गार 28 वर. पाऊण इंचीत गार पाणी साधारण साडेचार अंश तापतं. अर्ध्या इंचीत फट दीड मिलिमीटरच उरते, पण पाणी नऊ अंशांच्या वर तापतं. म्हणजे सुमारे 1300 वॅट उष्णता, पाणी तापवायचा दीड हजार वॅटचा रॉड जेमतेम पुरतो.

हा फरक थर्मामीटरमुळे महत्त्वाचा ठरतो. DS18B20 हा स्वस्त सेन्सर अर्धा अंश इकडेतिकडे दाखवू शकतो. दोन सेन्सरांची वजाबाकी केली की चूक एक अंशापर्यंत जाते. साडेचारात एक अंश म्हणजे बावीस टक्के, नवात अकरा. महाग सेन्सर घेण्याआधी दोन्ही पाण्यांच्या आत येण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या जागांचे चारही सेन्सर एकत्र बांधून एकाच भांड्यातल्या ढवळलेल्या पाण्यात बुडवा, एकदा गार आणि एकदा गरम, आणि कोण किती चुकतो ते लिहून ठेवा. ती चूक वजा केली की बराचसा प्रश्न फुकटात सुटतो. सेन्सरचं टोक मात्र टी-जोडातून थेट प्रवाहात हवं. पाइपला चिकटपट्टीने बांधलेला सेन्सर प्लॅस्टिकचं तापमान सांगतो.

अरुंद फटीची किंमत पंप मोजतो. ती ओलांडायला पाण्याला पाऊण मीटरच्या आसपास उंचीचा दाब लागतो, शिवाय जोड आणि वळणं वेगळी. कूलरच्या पंपावर लिहिलेले लिटर शून्य उंचीचे असतात, त्यांवर जाऊ नका. खरं तर गार बाजूला पंपच नको, गच्चीवरच्या टाकीचा नळ पुरतो. पैसे गरम बाजूला घाला: 60 अंशांपेक्षा जास्त तापमानाला चालेल असं लिहिलेला 12 व्होल्टचा छोटा पंप. प्रवाह मोजायला बादली आणि घड्याळ. एक लिटर तीस सेकंदांत भरला, की दोन लिटर मिनिटाला.

रॉडला अर्थिंग आणि वीज गळली की पुरवठा तोडणारं आरसीसीबी हवंच, त्यात काटकसर नाही.

तापमानं स्थिरावली, की दोन्ही बाजूंचा हिशेब जुळवा. गरम पाण्याने गमावलेली उष्णता थोडी जास्त निघाली, तर ठीक. गार पाण्याने कमावलेली लक्षणीय जास्त निघाली, तर सेन्सर किंवा बादली, दोहोंपैकी एक खोटं बोलतंय.