डी आणि झेड: एक मिनिटांत, दुसरं अंशांत

कॅनिंगच्या पेपरात औष्णिक प्रक्रियेचं गणित आलं की बहुतेकांचा गोंधळ सूत्र आठवण्याआधीच सुरू होतो. डीच्या व्याख्येत ‘दहापट घट’ असते आणि झेडच्याही व्याख्येत ‘दहापट घट’ असते. दोन्हीकडे लॉग, दोन्हीकडे सरळ रेषा. म्हणून घाईत एकाच्या जागी दुसरं बसतं आणि उत्तर भलतंच येतं. पण दोन्ही ठिकाणी दहापट कमी होणारी गोष्ट वेगळी आहे. डीमध्ये जिवंत बीजाणूंची संख्या दहापट कमी होते, तर झेडमध्ये खुद्द डीच दहापट कमी होतो. एवढा फरक नीट धरला की पुढचं बरंचसं गणित आपोआप उलगडतं.

डी म्हणजे ठरावीक तापमानाला बीजाणूंची संख्या एक दशांशावर यायला लागणारी मिनिटं. ९० टक्के मेले, १० टक्के उरले, की एक डी झाला. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर उरलेल्या बीजाणूंचा लॉग, असा आलेख काढला तर रेषा खाली उतरते आणि एक लॉग उतरायला जेवढी मिनिटं लागतात तो डी. हा आलेख एकाच तापमानाचा असतो. म्हणूनच डीला तापमानाची शेपटी लागते. नुसतं ‘डी १२ मिनिटं’ हे अर्धवट वाक्य आहे, ‘११० अंशांना डी १२ मिनिटं’ हे पूर्ण वाक्य.

झेडच्या आलेखात आडव्या अक्षावर तापमान येतं आणि उभ्या अक्षावर डीचा लॉग. डी दहापट कमी करायला तापमान जितके अंश वाढवावं लागतं, तो झेड. त्याचं एकक अंश सेल्सिअस, मिनिटांशी त्याचा थेट संबंध नाही. या आलेखावरचा एकेक बिंदू म्हणजे आधीच्या प्रकारचा एक अख्खा प्रयोग, कारण एका तापमानाला प्रयोग केला की एकच डी हाती लागतो. त्यामुळे एका तापमानाची माहिती देऊन झेड काढायला सांगितलं असेल, तर प्रश्नात आणखी कुठेतरी दुसरं तापमान दडलेलं असणारच. ते आधी शोधावं.

आता एक गणित पूर्ण सोडवू. ११० अंशांना ३६ मिनिटं तापवल्यावर दहा लाख बीजाणूंचे एक हजार उरतात. ११६ अंशांना तेवढीच घट ९ मिनिटांत होते. एका डब्यात सुरुवातीला १०० बीजाणू आहेत. एक लाख डब्यांत जास्तीत जास्त एकच खराब झालेला चालेल. तर १२१.१ अंशांना एफ किती, आणि रिटॉर्ट ११६ अंशांवर चालवला तर किती मिनिटं लागतील?

दहा लाखांवरून हजारावर येणं म्हणजे तीन लॉगची घट. तेव्हा डी मिळवायला वेळेला तीनने भागायचं:

```
D = t / (log N0 - log N)
D110 = 36 / 3 = 12 min
D116 =  9 / 3 =  3 min
```

इथे कॅल्क्युलेटरवर `log` ऐवजी `ln` दाबलं तर ११० अंशांचा डी ५.२ मिनिटं येतो. चूक लगेच पकडता येते: ५.२ ची तिप्पट करून बघा, १५.६ येतात, आणि प्रश्नात ३६ मिनिटं दिली आहेत. कॅनिंगची ही सगळी गणितं दहाच्या पायावरच्या लॉगने चालतात. नैसर्गिक लॉग वापरायचाच असेल, तर मृत्युदराच्या स्थिरांकाशी जोडणारा २.३०३ चा गुणक सोबत आणावा लागतो.

```
k = 2.303 / D
```

आता झेड. सहा अंशांनी तापमान वाढवल्यावर डी १२ चा ३ झाला, म्हणजे चौपट कमी झाला. दहापट कमी व्हायला किती अंश लागतील, एवढंच विचारलं आहे:

```
z = (T2 - T1) / (log D1 - log D2)
z = (116 - 110) / (log 12 - log 3)
z = 6 / 0.602 = 9.97 ≈ 10 °C
```

इथली नेहमीची चूक म्हणजे छेदात लॉग न घेता १२ मधून ३ सरळ वजा करणं. मग झेड ०.६७ अंश येतो. अशा उत्तरावर क्षणभर थांबायलाच हवं, कारण त्याचा अर्थ असा होतो की तापमान एका अंशानेही वाढवायची गरज नाही, तेवढ्यातच बीजाणू दहापट वेगाने मरू लागतील. जिवाणूंच्या बीजाणूंचा झेड साधारण ७ ते १२ अंशांच्या दरम्यान असतो. उत्तर त्याच्या फार बाहेर गेलं तर आकडेमोड पुन्हा बघावी.

झेड फॅरेनहाइटमध्ये दिला असेल तर आणखी एक सापळा असतो. १८ अंश फॅरेनहाइट झेडमधून ३२ वजा करून मग पाच नवमांशांनी गुणलं, तर उणे ७.८ येतात, आणि उणे झेडला काही अर्थच उरत नाही. झेड हे तापमान नाही, तो दोन तापमानांमधला फरक आहे. फरकातून ३२ वजा होत नाहीत, फक्त पाच नवमांशांनी गुणायचं. १८ चे बरोबर १० होतात.

आता एफ. एफ मिनिटांतच असतो, त्यामुळे त्याची गल्लत डीशी होते. डी एका लॉगची किंमत सांगतो, तर एफ आपल्याला हव्या असलेल्या सगळ्या लॉगची. म्हणून किती लॉग हवेत ते आधी ठरवायचं. डब्यात १०० बीजाणू, त्याचा लॉग २. लाखात एक डबा खराब, म्हणजे सरासरी एका डब्यामागे एक लाखांश बीजाणू उरलेला चालेल, त्याचा लॉग उणे ५. ‘एक लाख’ दिसताच अनेक जण इथे अधिक ५ लिहितात. मग दोनमधून पाच गेले की उणे तीन उरतात, म्हणजे तापवल्यावर बीजाणू वाढले! एका डब्यात एक लाखांश बीजाणू कसा असेल, असा प्रश्न मनात येतो, तो रास्त आहे. तो आकडा शक्यतेचा आहे: लाख डब्यांत मिळून एक बीजाणू जिवंत राहिला, असं वाचलं की नीट बसतं.

दोन वजा उणे पाच, म्हणजे सात लॉग. १२१.१ अंशांचा डी अजून हाती नाही, तो झेड वापरून काढायचा:

```
D_T = D_ref × 10^((T_ref - T)/z)
D121.1 = 3 × 10^((116 - 121.1)/10) = 3 × 0.309 = 0.93 min
F121.1 = 7 × 0.93 = 6.5 min
t116   = 7 × 3 = 21 min
```

घातांकातली वजाबाकी कुठल्या क्रमाने करायची हे आठवत नसेल, तर उत्तराकडूनच विचारावं. तापमान वाढलं तर डी कमी व्हायलाच हवा. ११६ वरून १२१.१ वर जाताना ३ मिनिटांचे ०.९३ झाले, म्हणजे क्रम बरोबर. क्रम उलटा लावला असता तर ९.७ मिनिटं आली असती, आणि ती बघताच चूक कळली असती.

उत्तराची पडताळणी दुसऱ्या वाटेनेही करता येते, ती मी कधीच सोडत नाही. ११६ अंशांवरचं एक मिनिट १२१.१ वरच्या किती मिनिटांएवढं, त्याला मारकता दर म्हणतात:

```
L = 10^((T - 121.1)/z)
L116 = 10^(-0.51) = 0.309
21 × 0.309 = 6.5 min
```

दोन्ही वाटा ६.५ वरच येतात. म्हणजे रिटॉर्टवर २१ मिनिटं आणि एफ ६.५ मिनिटं यांत काहीच विसंगती नाही, ती एकच प्रक्रिया दोन तापमानांच्या भाषेत मोजली आहे.

१२१.१ हा अडनिडा आकडा आला तो २५० अंश फॅरेनहाइटचं सेल्सिअस केल्यामुळे. संदर्भ तापमान १२१.१ आणि झेड १० अंश, असं दोन्ही पक्कं ठरवून मोजलेल्या एफला एफ-नॉट म्हणतात. एस्टी आणि मेयर यांनी १९२२ मध्ये बोट्युलिनमच्या ६० अब्ज बीजाणूंवरून जी वेळ काढली, तिची पुढे दुरुस्ती होऊन २.४५ मिनिटं झाली. आज बोट्युलिनमचा डी १२१.१ अंशांना सहसा ०.२१ मिनिटं धरतात, त्याचे बारा पट २.५२ होतात, आणि पीएच ४.६ पेक्षा जास्त असलेल्या पदार्थांसाठी किमान एफ-नॉट ३ मिनिटं हा सुरक्षिततेचा उंबरा मानतात. आपल्या गणितातला झेड १० च असल्यामुळे ६.५ हाच एफ-नॉट. तो ३ पेक्षा चांगलाच वर आहे. म्हणजे इथे वेळ ठरवली ती डबा खराब करणाऱ्या, पण विषारी नसलेल्या, अधिक चिवट बीजाणूंनी. बोट्युलिनमची बारा डी त्याच्या पोटातच भागतात. प्रश्नात दोन जीवांचे डी दिले असतील तर दोघांचा एफ काढावा आणि मोठा तो घ्यावा.

झेडमधली चूक मात्र फार महाग पडते. समजा एफ-नॉट ३ हवा आहे आणि रिटॉर्ट १०५ अंशांवर चालतो. झेड १० धरला तर १२२ मिनिटं लागतात. कुणी चुकून १२ धरला तर उत्तर येतं ६६ मिनिटं. फक्त दोन अंशांच्या फरकाने प्रक्रिया जवळपास निम्मी झाली, आणि कागदावर सगळं ठीकच दिसतं. १२१.१ च्या खाली जितकं उतरावं तितकी ही चूक वाढत जाते. वर चढलं तर ती उलट दिशेला जाते, मोठ्या झेडने वेळ जास्त येते. डीमधली दहा टक्के चूक उत्तरात दहा टक्केच राहते, पण झेड घातांकात बसलेला असल्यामुळे तिथली चूक तापमानाच्या अंतरासोबत फुगते. दिलेल्या डींच्या तापमानांपासून फार लांब अंदाज नेऊ नये, तो याच कारणाने.

वरच्या गणितात ‘११६ अंशांना २१ मिनिटं’ म्हणजे डब्यातला सर्वांत उशिरा तापणारा बिंदू सगळी २१ मिनिटं ११६ अंशांवर आहे, असं गृहीत धरलं. रिटॉर्टच्या घड्याळावर २१ मिनिटं झाली म्हणून तो बिंदू तितका वेळ ११६ वर होता असं होत नाही. पेपरात त्या बिंदूची तापमानं दर काही मिनिटांनी दिली असतील, तर प्रत्येक तापमानाचा मारकता दर काढून त्याला तेवढ्या मिनिटांनी गुणायचं आणि बेरीज करायची. थंड होतानाचे आकडेही सोडायचे नाहीत. १११.१ अंशांवरचं एक मिनिट ०.१ मोजलं जातं, १०१.१ वरचं ०.०१, आणि त्याच्या खालचे आकडे निर्धास्त सोडले तरी चालतात.