वास गेला म्हणजे औषध गेलं?

“रात्री पेस्ट कंट्रोल झालं. सकाळी वास गेला की पोहे चढवायला हरकत नाही ना?” इंदूरच्या राजवाड्याजवळ नाश्त्याचं दुकान चालवणाऱ्या एका काकूंनी विचारलं.

हरकत आहे. नाकाला येतो तो बहुतेक औषधातल्या द्रावकाचा वास. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकांना स्वतःचा वास जवळपास नसतो आणि ती पृष्ठभागावर टिकावीत म्हणूनच मारतात.

काकूंनी परातींवर सुती फडकं टाकलं होतं. फडकं फवारा पितं आणि खालच्या परातीला देतं! पोहे, शेव घट्ट झाकणाच्या डब्यात घालून बाहेर न्यायचे, भांडी जाड प्लॅस्टिकखाली ठेवायची.

फवारणी रात्री 11 ला झाली, तर लेबलवरचा वेळ उलटून सगळं वाळल्यावरच आत जायचं. मग तासभर एक्झॉस्ट चालवायचा. ओटा आणि भांडी साबणाने धुतली की कढई चढवा. फटी, कोपरे मात्र पुसू नका, तिथलं औषध कामाचं आहे.

नुसती झुरळं असतील तर बिजागरीत, फ्रिजमागे जेलचे ठिपके पुरतात, दुकान बंदही ठेवावं लागत नाही. फक्त त्यावर स्प्रे मारू नका, झुरळं जेलला तोंडच लावणार नाहीत.