घेण्याचा हक्क आणि गळ्यात मारण्याचा हक्क

“बाजार पडणार असं वाटत असेल तर पुट घे, नाहीतर कॉल विक. दोन्ही एकच.” परवा गप्पांमध्ये एकाने हे इतक्या ठामपणे सांगितलं की बाकीच्यांनी माना डोलावल्या. हा गैरसमज चांगलाच महाग पडू शकतो, म्हणून हा लेख.

शेअर बाजार थोडा वेळ बाजूला ठेवू. तुम्हाला एक जुना कॅमेरा घ्यायचा आहे. किंमत १००, चलन कोणतंही धरा. अजून मन ठरत नाही, म्हणून मालकाला १० देऊन तुम्ही म्हणता, “महिनाभर हा मला १०० लाच द्यायचा. मी नाही आलो तर हे १० तुमचे.” महिन्याभरात तसल्या कॅमेऱ्याला १६० चा भाव आला, तर तुम्ही १०० देऊन तो घेऊन जाल. भाव ७० वर आला, तर त्याच्याकडे फिरकणारही नाही. हा कॉल. ठरलेल्या किमतीला वस्तू मागून घेण्याचा हक्क, पण घेतलीच पाहिजे अशी सक्ती नाही.

आता उलट बाजू. कॅमेरा तुमच्याकडेच आहे आणि भाव पडेल अशी धास्ती आहे. तुम्ही कोणाला तरी १० देऊन कबूल करून घेता की महिन्याभरात तुम्ही म्हणाल तेव्हा त्याने तो १०० ला विकत घ्यायचा. भाव ७० झाला तर तुम्ही तो खुशाल त्याच्या गळ्यात माराल. हा पुट. दुकानातली “पसंत न पडल्यास परत” ही सोय म्हणजे खरं तर पुटच आहे, फक्त तिची किंमत वस्तूच्या किमतीत आधीच मिसळलेली असते.

ते १० म्हणजे प्रीमियम आणि १०० म्हणजे स्ट्राइक प्राइस. हक्क फक्त प्रीमियम देणाऱ्याकडे असतो. तो प्रीमियम घेणाऱ्याच्या वाट्याला निव्वळ बंधन येतं. आता सुरुवातीचा सल्ला तपासा. पुट घेतलेल्या माणसाचा अंदाज चुकला आणि भाव १६० वर गेला, तर त्याचे १० बुडाले, विषय संपला. कॉल विकलेल्याला मात्र १६० ची वस्तू १०० ला द्यावी लागते. ६० गेले, हातात प्रीमियमचे १०, म्हणजे निव्वळ ५० चा खड्डा. वस्तू मुळात त्याच्याकडे नसेल, तर भाव जितका चढेल तितका खड्डा खोल होतो, आणि भावाला वर छत नसतं. अंदाज एकच, पण चुकल्याची शिक्षा केवढी वेगळी!

ॲरिस्टॉटलने थेलीस या जुन्या ग्रीक तत्त्वज्ञाची एक गोष्ट सांगितली आहे. पुढच्या हंगामात ऑलिव्हचं पीक भरघोस येणार, हे थेलीसने ताऱ्यांवरून ओळखलं आणि हिवाळ्यातच थोडी आगाऊ रक्कम देऊन मिलेटस व किऑसमधले तेलाचे घाणे स्वतःसाठी राखून ठेवले. हंगामात ते चढ्या दराने भाड्याने देऊन तो मालामाल झाला. लोक ताऱ्यांपाशीच अडकतात. मला त्यातली आगाऊ रक्कम महत्त्वाची वाटते. ती रक्कम सोडून देऊन मोकळं होता येत असेल, तर पीक बुडाल्यावरही नुकसान तेवढंच. ग्रहताऱ्यांवर विसंबणाऱ्याने निदान तोटा तरी बांधून घ्यावा!

आता माझा आवडता भाग. कॉलची योग्य किंमत किती? बहुतेक जण म्हणतील, भाव वाढण्याची शक्यता किती आहे त्यावर ते ठरणार. आश्चर्य म्हणजे ती शक्यता हिशोबात लागतच नाही.

कॅमेरा अर्धा करता येत नाही, म्हणून शेअर घेऊ. आज त्याची किंमत १०० आहे आणि मुदत संपताना ती १२० किंवा ८०, यांपैकीच एक असेल असं धरू. व्याज शून्य. स्ट्राइक १०० असलेला कॉल वरच्या वाटेने २० देईल, खालच्या वाटेने काहीच नाही. आता कॉलला हात न लावता एवढं करा: ४० उसने घ्या, त्यात पदरचे १० घाला आणि ५० चा अर्धा शेअर घ्या. शेअर १२० झाला तर तुमचा अर्धा ६० चा, उसने ४० फेडून उरले २०. शेअर ८० झाला तर अर्धा ४० चा, उसने फेडून उरलं शून्य. म्हणजे पदरचे १० घालून तुम्ही कॉलची हुबेहूब नक्कल केलीत. मग खऱ्या कॉलची किंमतही १० च हवी.

कोणी म्हणेल, शेअर वाढण्याची शक्यता दहात नऊ आहे, तेव्हा २० चे नऊ दशांश म्हणजे १८ ही योग्य किंमत. त्याला आनंदाने १८ ला कॉल विका. त्यातले १० आणि उसने ४० वापरून अर्धा शेअर घ्या, ८ खिशात टाका. शेअर चढला तर तुमच्या नकलेतून निघणारे २० त्याला द्या, पडला तर काहीच देणं नाही. ८ दोन्ही वेळा तुमचेच. वाढीची आशा कॉलच्या किमतीत वेगळी मोजायची नसते, कारण ती शेअरच्या १०० मध्येच भरून बसलेली असते.

पुटची नक्कल याच्या उलट. अर्धा शेअर उसना घेऊन ५० ला विका आणि पदरचे १० घालून ६० बाजूला ठेवा. शेअर १२० झाला तर ६० देऊन अर्धा शेअर परत करा, उरलं शून्य. ८० झाला तर ४० देऊन परत करा, उरले २०. इथेही किंमत १०.

मग किंमत बदलते कशाने? शेअर १२० किंवा ८० ऐवजी १४० किंवा ६० होऊ शकतो असं धरून हाच हिशोब करा. अर्धा शेअर ५० ला, उसने ३०, पदरचे २०. कॉल दुप्पट महाग झाला, आणि पुटही. दिशा कोणतीच बदलली नाही, फक्त झोका मोठा झाला. हक्क असणाऱ्याला सोयीच्या झोक्याचा सगळा फायदा मिळतो आणि उलट्या झोक्याच्या वेळी तो तिथे नसतोच. म्हणून “शेअर चढणार” अशी टिप घेऊन कॉल घेणारा अंदाज बरोबर असूनही हरू शकतो. झोक्याची किंमत त्याने आधीच भरलेली असते.

खऱ्या बाजारात किंमत दोनच घरांत उडी मारत नाही. अशा असंख्य बारीक पायऱ्या असतात, आणि प्रत्येक पायरीवर शेअरचा वाटा नव्याने जुळवावा लागतो. कॉल-पुटची किंमत काढणारं ब्लॅक आणि शोल्स यांचं १९७३ चं प्रसिद्ध सूत्र ही जुळवाजुळव अखंड चालू आहे असं धरून निघतं. कॉलची नक्कल करणाऱ्याने भाव चढताना शेअर वाढवत न्यायचे, पुटची नक्कल करणाऱ्याने भाव पडताना विकत जायचं. वाटेत बाजाराने पायऱ्या गाळून उडी मारली, किंवा समोर घेणारा कोणी उरला नाही, तर नक्कल फसते.

१९८७ मध्ये अमेरिकेत हेच घडलं. मोठमोठ्या फंडांनी पुट विकत न घेता त्याची नक्कल चालवली होती. पोर्टफोलिओ इन्शुरन्स असं तिचं भारदस्त नाव. १९ ऑक्टोबरला भाव कोसळू लागले, तसा या पद्धतीने विकण्याचा आदेश दिला. विक्रीने भाव आणखी पडले, आणखी पडले म्हणून आणखी विक्री. डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्क्यांनी खाली आला. त्या पडझडीला ही विक्री किती जबाबदार होती यावर वाद आहे. पण त्या दिवशी ज्याच्याकडे खरा पुट होता, त्याला घेणारा शोधावा लागला नाही. तो आधीच बांधलेला होता. भाव पायरीपायरीने उतरेल असं गृहीत धरून नकलेवर विसंबलेल्यांना मात्र ऐन पडझडीत गिऱ्हाईक शोधावं लागलं.