माद्रिदमध्ये 'आज' कधी संपतो?

माझ्या स्पॅनिशच्या वर्गातल्या एका मुलीने मागच्या महिन्यात माद्रिदच्या ऑफिसला मेल पाठवण्याआधी मला दाखवला. पहिलंच वाक्य होतं : 'आयेर ए एन्बियादो एल आर्चीबो.' तिला म्हणायचं होतं, 'काल मी फाइल पाठवलीय.' मी 'ए एन्बियादो' खोडून 'एन्बिए' लिहिलं. ती म्हणाली, "पण सर, पाठवलीय ना! फाइल त्यांच्याकडे पोचलीय, ते ती आत्ता उघडू शकतात. मग पूर्ण वर्तमानकाळ का नको?"

तिचं म्हणणं मराठीत शंभर टक्के बरोबर आहे. चूक नेमकी तिथूनच येते.

आधी दोन रूपं ओळखून घेऊ. 'एन्बिए' म्हणजे साधा भूतकाळ : मी पाठवलं. 'ए एन्बियादो' म्हणजे शाळेतल्या व्याकरणातला पूर्ण वर्तमानकाळ : मी पाठवलं आहे. यातला 'ए' म्हणजे कुणाला मारलेली हाक नव्हे, ते आपल्या 'आहे'चं काम करणारं सहायक क्रियापद आहे. या दोघांतून निवड कशी करायची, यासाठी व्हॉट्सॅपवर एक तक्ता फिरतो. डावीकडे ओय (आज), एस्ता सेमाना (हा आठवडा), एस्ते आन्यो (हे वर्ष). त्यांच्यासमोर 'ए'वालं रूप. उजवीकडे आयेर (काल), ला सेमाना पासादा (गेला आठवडा). त्यांच्यासमोर साधा भूतकाळ. तक्त्याखाली 'तीस दिवसांत अस्खलित स्पॅनिश'. तक्ता खोटा नाही, पण तो कुठल्या गावचा आहे हे त्यावर लिहिलेलं नसतं, आणि तो का चालतो हेही तो सांगत नाही.

एक वाक्य घेऊन बघू. माद्रिदमधली एक बाई सकाळी आठची गाडी चुकवते. संध्याकाळी सहा वाजता ती मैत्रिणीला सांगते, 'एस्ता मान्याना ए पेर्दिदो एल त्रेन' – आज सकाळी माझी गाडी चुकलीय. सकाळ केव्हाच सरली आहे, पुढची गाडी मिळून ती कामावर जाऊन परतही आली आहे. तरी रूप 'ए'वालंच. दुसऱ्या दिवशी हीच गोष्ट सांगताना ती म्हणेल, 'आयेर पेर्दी एल त्रेन'. घटना तीच, गाडी तीच, बदललाय तो फक्त दिवस.

आता आठवडा घेऊ. गाडी सोमवारी चुकली आणि आज गुरुवार आहे. 'एल लुनेस' (सोमवारी) म्हटलं की 'पेर्दी'. पण तेच 'या आठवड्यात माझी गाडी चुकली' असं सांगायचं असेल तर 'एस्ता सेमाना ए पेर्दिदो एल त्रेन'. सोमवार आठवड्याच्या आतच आहे, मग रूप का बदलतं? कारण कालवाचक शब्द घटनेभोवती एक कुंपण घालतो आणि माद्रिदचं व्याकरण एवढंच विचारतं, की बोलणारा आत्ता त्या कुंपणाच्या आत उभा आहे की बाहेर? 'सोमवार' या कुंपणाबाहेर ती तीन दिवसांपूर्वीच पडली, 'या आठवड्या'च्या आत ती अजून आहे. म्हणून 'एस्ते', 'एस्ता' ही 'हा-ही' सांगणारी दर्शक विशेषणं एवढी महत्त्वाची. ज्या कालखंडाला 'हा' म्हणता येतं त्यात सहसा आपण स्वतः उभे असतो.

सहसा म्हणालो, कारण 'एस्ता मान्याना' इथे गडबड करते. संध्याकाळी सहा वाजता आपण सकाळीत उभे नसतो. म्हणजे माद्रिदकर सकाळीभोवती कुंपण घालतच नाही. 'एस्ता मान्याना' ऐकलं की तो 'आज' एवढंच मोजतो, सकाळ हा त्या आजचा एक कोपरा. याउलट ऑक्टोबरमध्ये 'एस्ते बेरानो' (या उन्हाळ्यात) म्हणताना तोच माणूस डगमगतो. वर्ष चालू आहे, उन्हाळा संपला आहे, आणि दोन्ही रूपं कानावर येतात. दिवसाचं कुंपण दगडी आहे, महिन्या-वर्षाची काटेरी तारेची.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण रात्रीचं आहे. सकाळी नाश्त्याला बसलेला माद्रिदकर म्हणतो, 'एस्ता नोचे ए दोर्मिदो माल' – रात्री मला नीट झोप लागली नाही. शब्दशः 'ही रात्र'. तोच माणूस 'आनोचे' (काल रात्री) हा शब्द निवडेल तर म्हणेल, 'आनोचे दोर्मी माल'. एकच रात्र, एकच झोपमोड. 'एस्ता नोचे' म्हटलं की ती रात्र आजच्या खात्यात जाते आणि 'ए' येतो. 'आनोचे' म्हटलं की ती कालच्या खात्यात जमा होते आणि साधा भूतकाळ येतो. गंमत म्हणजे संध्याकाळी 'एस्ता नोचे' म्हटलं तर ती येणारी रात्र असते. आपल्या 'परवा'सारखंच : 'परवा आला' की 'परवा येईल', ते क्रियापद कळल्याशिवाय ठरत नाही.

आणि हा 'आज' घड्याळाच्या बाराच्या ठोक्याला संपत नाही. रात्री दहाला जेवून एक वाजता घरी परतणारं जोडपं अजून 'एस्ता नोचे एमोस सेनादो...' (आज रात्री आम्ही जेवलोय) असंच बोलत असतं. कॅलेंडरची तारीख उलटली तरी बोलणाऱ्याचा दिवस साधारण झोप घेऊनच बदलतो.

आता मराठीकडे येऊ, कारण आपला पाय घसरतो तो इथे. मराठीतलं '-य' दिवस बघत नाही, परिणाम बघतं. 'मी कालच आलोय' हे अस्सल मराठी वाक्य आहे, कारण मी अजून इथेच आहे. 'पहाटे पाचला उठलोय, आता डोळे मिटताहेत' हेही. पण सकाळची हकिगत सांगताना कुणी 'सातला उठलोय, चहा प्यायलोय, आंघोळ केलीय, स्टेशनवर गेलोय' असं बोलत नाही. तिथे आपण सरळ 'उठलो, प्यायलो, गेलो' म्हणतो. माद्रिदमध्ये अगदी उलट. 'आयेर' असेल तर परिणाम कितीही ताजा असो, रोजच्या बोलण्यात साधाच भूतकाळ. आणि आजची हकिगत असेल तर घड्याळाच्या वेळेसकट सगळी माळ 'ए'मध्ये : 'मे ए लेबान्तादो आ लास सिएते, ए देसायुनादो, ए पेर्दिदो एल त्रेन.' सातला उठलोय, नाश्ता केलाय, गाडी चुकलीय. माळ सरळ पुढे सरकत राहते, प्रत्येक मण्याचा परिणाम उरलाय का, हे कुणी बघत नाही. याचा अर्थ माद्रिदचं 'ए'वालं रूप आता नावापुरतं पूर्ण वर्तमानकाळ आहे. आजच्या पुरता तो चक्क भूतकाळ झाला आहे. भाषाशास्त्रज्ञ त्याला 'आजचा भूतकाळ' म्हणतात. आफ्रिकेतल्या बांटू कुळातल्या अनेक भाषांत आजचा आणि कालचा भूतकाळ क्रियापदाच्या वेगळ्या रूपांनी सांगितला जातो, म्हणजे ही काही जगावेगळी चैन नाही.

हे झालं कसं? 'ए' हे लॅटिनमधल्या 'हाबेओ'चं झिजलेलं रूप, अर्थ 'माझ्याकडे आहे'. 'माझ्याकडे लिहिलेलं पत्र आहे' यातून 'मी पत्र लिहिलं आहे' निघालं. जुन्या स्पॅनिशमध्ये कृदन्त कर्माप्रमाणे बदलायचं, म्हणजे पत्रं अनेक असली तर रूपही अनेकवचनी. आपण अजून 'पत्र लिहिलंय, पत्रं लिहिलीत, चिठ्ठी लिहिलीय' करतो, त्यामुळे मराठी माणसाला हे आतून कळतं. स्पॅनिशने पुढे ते रूप गोठवलं, आणि मग परिणामाचा अर्थ हळूहळू पातळ होत गेला. ज्याचा परिणाम आत्ता दिसतो ते बहुधा नुकतंच घडलेलं असतं. ऐकणारे 'परिणाम आहे'ऐवजी 'नुकतंच आहे' असं समजू लागले, की 'नुकतं'ची हद्द कुठे आखायची हा प्रश्न येतो, आणि सूर्योदय-सूर्यास्ताएवढी सोयीची हद्द दुसरी नाही.

फ्रेंच या उतारावर बरीच पुढे गेली. 1660 मध्ये फ्रान्समधल्या पोर्ट-रॉयल मठाच्या व्याकरणकारांनी नियम सांगितला, की साधा भूतकाळ वापरायचा तर मध्ये किमान एक दिवस गेलेला हवा : 'काल मी लिहिलं' चालेल, 'आज सकाळी मी लिहिलं' चालणार नाही. म्हणजे आज माद्रिदमध्ये ऐकू येतं तेच. पुढे फ्रेंचच्या रोजच्या बोलण्यातून साधा भूतकाळ पार हटला, तो उरला पुस्तकांत.

पण एक खोच आहे, आणि तक्तेवाले ती झाकतात. माणसं बोलताना दर वाक्याला कालवाचक शब्द जोडत नाहीत. स्कॉट श्वेंटर आणि रेना तोरेस काकूयोस या भाषाशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये मेक्सिको आणि स्पेनमधल्या प्रत्यक्ष बोलण्याची तुलना केली. त्यांचा निष्कर्ष असा की स्पेनमध्ये या रूपाचा प्रसार मुख्यतः वेळ न सांगितलेल्या वाक्यांतून होतोय. 'ओय' आणि 'आयेर' हे मैलाचे दगड आहेत, रहदारी त्यांच्या मधल्या रस्त्यावरून चालते.

मेक्सिकोत तर हे दगडच वेगळे. तिथे गाडी आजच चुकली असली तरी 'ओय पेर्दी एल त्रेन'. 'जेवलास का?'चं उत्तर 'या कोमी', माद्रिदमध्ये 'या ए कोमिदो'. मेक्सिकोचं 'ए' जिवंत राहतं ते न संपलेल्या गोष्टींसाठी. पाहुण्याची वाट बघत असाल तर 'नो आ येगादो', अजून आला नाही; यातला 'आ' म्हणजे 'तो'साठीचं 'ए'. 'नो येगो' म्हटलं तर ताटं उचलायला हरकत नाही, तो येत नाही आता. अर्जेंटिनात ब्यूनोस आयर्सलाही साधं रूपच जोरात. उलट बोलिव्हियाच्या डोंगराळ भागात 'आयेर'सोबत 'ए' सर्रास ऐकू येतं, म्हणजे माझ्या विद्यार्थिनीचं वाक्य तिथे बिनबोभाट खपलं असतं. खुद्द स्पेनमध्ये गालिसिया, आस्तुरियास आणि कॅनरी बेटांवर लोक आजच्या घटनेलाही साधं रूप लावतात. गोव्यात ज्यांनी पोर्तुगीज शिकलंय त्यांना आणखी एक धक्का : पोर्तुगीजमधलं तसंच दिसणारं रूप 'अलीकडे पुन्हापुन्हा करतोय' असा अर्थ देतं.

यावरून 'स्पॅनिश लोकांचा काळाकडे बघण्याचा दृष्टिकोनच वेगळा' वगैरे तत्त्वज्ञान कुणी ऐकवलं तर ऐकून सोडून द्यावं. मेक्सिकोच्या माणसाचा 'आज' माद्रिदच्या माणसाच्या 'आज'एवढाच लांब असतो. फरक क्रियापदात आहे, डोक्यात नाही.

त्या मुलीने मेल दुरुस्त करून पाठवला : 'आयेर एन्बिए एल आर्चीबो.' हे वाक्य माद्रिद आणि मेक्सिको दोन्हीकडे चालतं. त्याच संध्याकाळी तिने आणखी एक फाइल दोन ऑफिसांना पाठवली आणि या वेळी मला न विचारता दोन वेगळे मेल लिहिले. माद्रिदला : 'ओय ए एन्बियादो ला सेगुन्दा पार्ते.' मेक्सिको सिटीला : 'ओय एन्बिए ला सेगुन्दा पार्ते.'