शस्त्रक्रिया-संमतिपत्रातील सोपी मराठी

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाची लेखी संमती घेतली जाते. तिचा मजकूर पहिल्यांदाच असा कागद हाती घेणाऱ्याला कळेल अशा शब्दांत लिहायचा आणि त्या शब्दांनी दिलेल्या परवानगीची हद्द मात्र हलू द्यायची नाही, हे या लेखनाचे काम आहे. अवघड वैद्यकीय शब्द बदलणे हा त्यातला सोपा भाग. बदली आणलेल्या घरगुती शब्दाला आधीच दुसरा अर्थ चिकटलेला असतो, आणि खरी अडचण तिथे येते.

संमतीची हद्द काय, हे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात २००८ साली सांगितले. रुग्ण ४४ वर्षांची अविवाहित स्त्री होती. दुर्बिणीतून तपासणीसाठी तिला भूल दिलेली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व बीजांडकोश काढण्यात आले. न्यायालयाने ही संमती ग्राह्य धरली नाही. तपासणीला दिलेला होकार उपचाराला लागू होत नाही. जाणत्या प्रौढ रुग्णाऐवजी आई होकार देऊ शकत नाही. मंजुरीपलीकडची शस्त्रक्रिया करायची, तर ती जीव किंवा आरोग्य वाचवण्यासाठी गरजेची असावी आणि रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबणे गैर ठरावे. उपचाराचे स्वरूप, त्याचे फायदे, इतर पर्याय, मोठे धोके आणि उपचार न घेतल्यास काय होईल, एवढी माहिती रुग्णाला देणेही आवश्यक ठरले. क्वचितातले क्वचित धोके सांगण्याची सक्ती नाही. सोप्या मजकुरात शब्द कोणतेही असोत, या गोष्टी त्यातून गळता कामा नयेत.

पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचे उदाहरण घेऊ. पित्ताशयातल्या खड्यांचा त्रास होऊ लागला की बहुधा दुर्बिणीतून पित्ताशयच काढतात. लॅपरोस्कोपिक कोलेसिस्टेक्टॉमी हे या शस्त्रक्रियेचे नाव. समजा, रुग्ण कोपरखैरण्यात राहणारी, सातारा जिल्ह्यातून आलेल्या माथाडी कुटुंबातली पन्नाशीची बाई आहे. ती मराठी वाचते, पण रुग्णालयाचा कागद तिने कधी वाचलेला नाही. तिच्यासाठी कोणी ‘पित्ताच्या पिशवीचे ऑपरेशन’ असे लिहिले, तर ते सोपे वाटते, पण त्यात तीन फसगती आहेत. ‘पित्त’ म्हणजे तिच्या लेखी आंबट ढेकर आणि डोकेदुखी. ऑपरेशननंतर पित्त उठणार नाही, असे ती धरून चालते. ‘पिशवी काढली’ हे बायकांच्या बोलण्यात बहुतेक वेळा गर्भाशयाबद्दल असते, आणि वर सांगितलेल्या खटल्यानंतर ही संदिग्धता कागदावर राहू देणे धोक्याचे आहे. तिसरे, ‘ऑपरेशन’ एवढ्यावरून अवयव जाणार हे कळतच नाही. परिचारिकेने विचारले, “मावशी, ऑपरेशन झाल्यावर पोटातलं काय नसेल?” तर उत्तर येते, “खडे.” खडे काढायला दिलेला होकार अवयव काढायला चालत नाही.

म्हणून मजकूर असा ठेवता येतो: ‘यकृताखाली एक छोटी थैली असते, तिला पित्ताशय म्हणतात. त्यात खडे झाले आहेत. खड्यांसह पूर्ण पित्ताशय काढून टाकणार आहेत. ते परत बसवता येत नाही. याचा गर्भाशयाशी संबंध नाही. छातीतली जळजळ या ऑपरेशनने थांबेलच असे नाही.’ लगेच पुढे शस्त्रक्रियेचे वैद्यकीय नाव देवनागरीत लिहावे. ते गाळणे ही नवख्या लेखकाची हमखास चूक. शस्त्रक्रियेची नोंद आणि विम्याची कागदपत्रे त्याच नावाने होतात. संमतीत ते नाव नसेल, तर होकार नेमका कशाला होता हे नंतर दाखवणे कठीण जाते.

कायदेशीर अर्थ सर्वांत जास्त निसटतो तो पुढच्या कलमात. जुन्या छापील नमुन्यांत साधारण असे वाक्य असते: ‘आवश्यक वाटल्यास अन्य कोणतीही शस्त्रक्रिया करण्यास मी अधोस्वाक्षरीकर्ती स्वखुशीने संमती देत आहे.’ ‘अधोस्वाक्षरीकर्ती’ काढून नुसते ‘मी’ ठेवून भागत नाही, कारण दोष ‘आवश्यक वाटल्यास’मध्ये आहे. कोणाला वाटल्यास आणि कशासाठी आवश्यक? सोपे करणारा बहुतेक वेळा ‘डॉक्टरांना योग्य वाटल्यास’ असे लिहितो. वाक्य सुबोध होते आणि परवानगी उलट आणखी मोठी दिसते. इथे दोन वेगळ्या गोष्टी दोन वेगळ्या वाक्यांत हव्यात. एक, आधीच माहीत असलेली शक्यता: ‘दुर्बिणीतून पित्ताशय सुरक्षितपणे काढता आले नाही, तर पोटावर मोठा छेद घेऊन तेच पित्ताशय काढतील. याला माझी संमती आहे.’ यातला ‘तेच’ हा शब्द लहान असला तरी काढू नये. छेद मोठा झाला तरी काम बदललेले नाही, हे तोच सांगतो. दुसरे वाक्य अनपेक्षित प्रसंगाचे: ‘मी भुलीखाली असताना माझा जीव किंवा आरोग्य वाचवण्यासाठी दुसरे काही करणे गरजेचे झाले, आणि मी शुद्धीवर येईपर्यंत थांबणे धोक्याचे असेल, तरच ते करावे.’ इथे ‘आणि’ व ‘तरच’ हे दोन्ही ठेवावे लागतात. ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ आला की कलम पुन्हा जुन्या नमुन्यासारखे मोकळे होते.

धोक्यांच्या भागात ‘संभाव्य गुंतागुंत’ म्हटले की वाचणारी घाबरते, पण तिला काही कळत नाही. यकृतातून आतड्याकडे पित्त नेणाऱ्या मुख्य नळीला इजा होणे हा या शस्त्रक्रियेतला गंभीर धोका. त्याचे प्रमाण सामान्यतः हजारात ३ ते ५ असे सांगितले जाते. ‘०.४ टक्के’ यापेक्षा ‘हजार जणांत साधारण चार जणांना’ हे चटकन समजते. पण तेवढ्यावर थांबू नये. ‘असे झाल्यास पुन्हा मोठे ऑपरेशन लागू शकते’ हा परिणाम लिहिल्याशिवाय धोका सांगितला असे होत नाही. ‘लागू शकते’च्या जागी ‘लागेल’ लिहिले तर अर्थ फिरतो, आणि ‘सहसा काही होत नाही’ म्हटले तर धोका झाकला जातो.

‘काही झाल्यास डॉक्टर जबाबदार राहणार नाहीत’ हे वाक्य सोपे करू नये, काढूनच टाकावे. रुग्णाची सही असली तरी निष्काळजीपणाची जबाबदारी त्याने संपत नाही. त्या वाक्याने फक्त वाचणाऱ्याचा विश्वास जातो.

सही कोणाची, यावर ठाण्यात काय किंवा नवी मुंबईत काय, घरोघरी एकच समजूत दिसते: कागदावर नवऱ्याने किंवा मुलाने सही करायची. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांत संमती देणाऱ्यांची नावे सांगताना पती वा पत्नी, अज्ञान मुलाचे पालक ‘किंवा स्वतः रुग्ण’ असा क्रम आहे. त्यामुळे गोंधळ वाढतो. जाणत्या प्रौढ रुग्णाची सही तिचीच हवी, नातेवाइकाची सही साक्षीदाराच्या ओळीवर. लिहिता न येणाऱ्यांचा अंगठा घेतात, तेव्हा मजकूर कोणी व कोणत्या भाषेत वाचून दाखवला हे साक्षीदाराने नोंदवावे. आगरी किंवा हिंदी बोलणाऱ्या रुग्णाला पुस्तकी मराठी वाचून दाखवून ‘समजावून सांगितले’ असे लिहिणे म्हणजे काही समजावणे नव्हे.

मजकूर जमला की नाही, हे ‘समजलं का?’ या प्रश्नाने कळत नाही. त्याला सगळे होच म्हणतात. वाचून झाल्यावर रुग्णाला तीन गोष्टी तिच्याच शब्दांत सांगायला लावतात: पोटातून काय जाणार, दुर्बिणीने नाही जमले तर काय करणार, आणि ऑपरेशन केलेच नाही तर काय होऊ शकते. तिसऱ्याचे उत्तर ‘पुन्हा दुखेल, सूज येईल, कावीळ होऊ शकते’ असे आले तर तो परिच्छेद जमला आहे. पहिल्याचे उत्तर अजूनही ‘खडे’ आले, तर सही थांबवून पहिला परिच्छेद पुन्हा लिहायचा. ही विचारपूस वॉर्डात, भुलीच्या औषधांपूर्वी व्हावी. स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दाराशी आल्यावर पुढे केलेला कागद कितीही सोपा असला, तरी तो वाचायला तिथे कोणाला सवड नसते.