चावा पायाला, सुई दंडाला: रेबीजची लस शरीरात काय घडवते

नमस्कार. विज्ञान प्रदर्शनाच्या या दालनात आपले स्वागत आहे. लस शरीराला रोगाशी लढायला शिकवते, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेले आहे; परंतु शिकणारे कोण, ते शिकतात कुठे आणि त्याला किती दिवस लागतात, याचा उलगडा तेथे सहसा होत नाही. तो आज आपण रेबीजच्या लशीच्या आधारे करू. बाकीच्या बहुतेक लशी रोगाशी गाठ पडण्याच्या पुष्कळ आधी दिल्या जातात, तर ही लस बहुधा कुत्रा चावल्यानंतर, म्हणजे विषाणू अंगात शिरला असण्याची शक्यता असताना दिली जाते. त्यामुळे शरीराच्या तयारीला लागणारा एकेक दिवस येथे महत्त्वाचा ठरतो.

पहिल्या फलकापाशी या. समजा, म्हापशाच्या एका मैदानावर खेळणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीच्या पोटरीला भटक्या कुत्र्याने चावा घेतला आणि रक्त आले. मुलीचे वजन 25 किलो आहे. त्या कुत्र्याला रेबीज असेल, तर त्याच्या लाळेतले विषाणू आता जखमेत आहेत. ते काही काळ स्नायूत राहतात, मग जवळच्या मज्जातंतूच्या टोकातून आत शिरतात आणि त्या तंतूच्या आतून दिवसाला काही सेंटिमीटर या वेगाने मज्जारज्जूकडे आणि पुढे मेंदूकडे सरकतात. रोगाची लक्षणे दिसायला बहुधा दोन ते तीन महिने लागतात, क्वचित एखादाच आठवडा, तर क्वचित वर्षही. मात्र लक्षणे एकदा सुरू झाली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. जे काही करायचे ते विषाणू मेंदूत पोहोचण्यापूर्वी करावे लागते.

येथे एक प्रश्न हमखास विचारला जातो आणि तो अगदी योग्य आहे: विषाणू अंगात शिरलेलाच आहे, तर शरीर त्याच्याकडूनच का शिकत नाही, वेगळी लस कशाला हवी? याचे कारण असे की चाव्यातून आलेले विषाणू संख्येने थोडे असतात आणि मज्जातंतूत शिरल्यावर ते प्रतिकारशक्तीच्या नजरेआड होतात. त्यांची पुरेशी ओळख पटेपर्यंत मेंदूला लागण झालेली असते. लशीमध्ये हाच विषाणू प्रयोगशाळेतल्या पेशींवर वाढवून, बीटा-प्रोपिओलॅक्टोन या रसायनाने निष्क्रिय करून भरलेला असतो. त्याला आता वाढता येत नाही, पण त्याच्या पृष्ठभागावरचे काटेरी प्रथिन मूळच्याच आकाराचे राहते. ज्याने विषाणू मज्जातंतूला चिकटतो ते हेच प्रथिन, आणि शरीराला ओळखायचे आहे तेही हेच. लपून बसलेल्या शत्रूची ही ओळख लस मज्जातंतूपासून दूर, उघड्यावर आणि भरपूर प्रमाणात करून देते.

म्हणूनच चावा पायाला असला तरी सुई दंडाला दिली जाते. त्वचेत टोचण्याच्या पद्धतीत दोन्ही दंडांवर प्रत्येकी 0.1 मिलिलिटर इतकी थोडी लस दिली जाते आणि ती पुरते, कारण त्वचेत डेंड्रिटिक पेशी नावाच्या पहारेकरी पेशी दाट पसरलेल्या असतात. त्या विषाणूचे तुकडे गिळतात आणि साधारण एका दिवसात काखेतल्या लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचवतात. मुलांनो, आपल्या काखेला हात लावून पाहा. हाताला जखम झाली की कधी कधी तेथे दुखरी गाठ येते, तिला घरातली मोठी माणसे अवधाण म्हणतात. आपण ज्या प्रशिक्षणाविषयी बोलत आहोत ते घडते ते याच ठिकाणी.

आता मधल्या मोठ्या प्रतिकृतीकडे पाहा. लसिका ग्रंथी कापून मोठी करून दाखवली तर ती अशी दिसेल. येथे थोडा वेळ थांबू, कारण सगळा विषय या एका गोष्टीवर उभा आहे.

आपल्या शरीरात बी पेशी नावाच्या असंख्य पेशी असतात आणि प्रत्येकीच्या अंगावर एकाच ठरावीक आकाराचा ग्राहक, म्हणजे जुळणाऱ्या प्रथिनाला धरून ठेवणारा भाग, असतो. हे आकार कोणताही रोग येण्यापूर्वीच तयार असतात. बी पेशी घडत असताना तिच्या जनुकांचे तुकडे आळीपाळीने वेगवेगळ्या रीतीने जोडले जातात आणि त्यातून आकारांची अफाट विविधता निर्माण होते. हे उलगडून दाखवल्याबद्दल सुसुमु तोनेगावा या जपानी शास्त्रज्ञाला 1987 चे नोबेल पारितोषिक मिळाले. रेबीजच्या प्रथिनाशी जेमतेम जुळणारा ग्राहक असलेल्या बी पेशी या मुलीच्या शरीरात जन्मापासूनच्या घडणीने, निव्वळ योगायोगाने, अगोदरच आहेत. त्या फार थोड्या आहेत, पण आहेत. लस त्यांना घडवत नाही, त्या कोणत्या ते ती शोधून देते.

अशी पेशी प्रथिनाला चिकटली आणि टी पेशी नावाच्या मदतनीस पेशींनी तिला दुजोरा दिला की ती विभागू लागते. तिच्या काही संतती लगेच प्रतिपिंडे, म्हणजेच अँटिबॉडी, बनवायला लागतात. ही पहिली प्रतिपिंडे ढोबळ असतात. बाकीच्या संतती मात्र ग्रंथीत एकत्र जमून एक दाट पुंजका करतात, त्याला जर्मिनल सेंटर म्हणतात. तो आठवड्याभरात आकाराला येतो. त्याचे दोन भाग आहेत, ते प्रतिकृतीत गडद आणि फिकट रंगाने दाखवले आहेत. गडद भागात बी पेशी काही तासांना एकदा या गतीने विभागतात आणि त्या वेळी एक विशिष्ट विकर त्यांच्या ग्राहकाच्याच जनुकात मुद्दाम बदल घडवते. प्रत्येक विभाजनात हजार अक्षरांमागे साधारण एक अक्षर बदलते. शरीरातल्या इतर जनुकांच्या मानाने हा वेग सुमारे दहा लाख पट आहे. शरीर एरवी जनुकांतली चूक कटाक्षाने टाळते, आणि येथे, एवढ्या एका ठिकाणी, चूक हेच हत्यार म्हणून वापरते. या गोष्टीने थक्क व्हायला होते.

बदल आंधळे असल्यामुळे बहुतेक ग्राहक बिघडतात, थोडे सुधारतात. मग या पेशी फिकट भागात येतात. तेथे विषाणूचे प्रथिन मोजक्या प्रमाणात टांगून ठेवलेले असते आणि ज्या पेशीचा ग्राहक अधिक घट्ट धरेल तिलाच ते जास्त मिळते. मिळालेले प्रथिन ती टी पेशीला दाखवते. टी पेशींची संख्या कमी असल्याने त्यांची मदत थोड्यांच्याच वाट्याला येते. ज्यांना ती मिळत नाही त्या पेशी तेथेच मरतात. निवडलेल्या पेशी परत गडद भागात जातात, पुन्हा विभागतात, पुन्हा बदलतात आणि पुन्हा परीक्षेला येतात. शेतकरी कापणीच्या वेळी भरघोस लोंब्या तेवढ्या बियाण्यासाठी बाजूला काढतो आणि पुढच्या पावसाळ्यात तेच पेरतो, तसेच हे आहे. फरक इतकाच की येथे एक हंगाम वर्षाचा नसून काही तासांचा असतो. काही आठवड्यांनी उरणाऱ्या पेशींची पकड मूळ पेशीपेक्षा कितीतरी पटींनी घट्ट असते.

यावरून मात्रांचे वेळापत्रक समजते. त्वचेतल्या पद्धतीत लस पहिल्या दिवशी, म्हणजे शून्य दिवशी, आणि नंतर 3, 7 व 28 व्या दिवशी देतात. पहिल्या तीन मात्रा निवडीला लागणारे प्रथिन कमी पडू देत नाहीत. 28 व्या दिवसाची मात्रा येते तेव्हा निवडून आलेल्या पेशी तयार असतात, आणि त्यांनाच पुन्हा कामाला लावून त्यांची संख्या वाढवली जाते. वेदना थांबल्या, जखम भरली म्हणून शेवटची मात्रा चुकवणारे पुष्कळ लोक असतात. ते नेमके याच टप्प्याला मुकतात.

परंतु मोजता येण्याजोगी प्रतिपिंडे रक्तात यायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. तोपर्यंत आपल्या मुलीच्या पोटरीत विषाणू आहेतच. या मधल्या दिवसांसाठी तिला दुसऱ्या कोणाची तयार प्रतिपिंडे उसनी द्यावी लागतात; रुग्णालयात ज्याला सीरम म्हणतात ते हेच. घोड्याच्या रक्तापासून केलेल्या सीरमचे प्रमाण किलोमागे 40 एकक आहे, म्हणजे 25 किलोच्या मुलीला 1000 एकक. ते दंडात नव्हे, जखमेच्या आत आणि भोवती टोचतात, कारण विषाणूला मज्जातंतूत शिरण्याआधीच गाठायचे असते. ठरल्यापेक्षा अधिक दिले तर ही उसनी प्रतिपिंडे लशीतलेच प्रथिन झाकून टाकतात आणि शिकणे मंदावते. पहिल्या मात्रेनंतर सात दिवस उलटल्यावर सीरम देत नाहीत, कारण तोवर मुलीची स्वतःची प्रतिपिंडे येऊ लागलेली असतात.

आणि या सर्वांच्या आधी, घरीच, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवायची असते. या विषाणूभोवती मेदाचे आवरण असते आणि ते साबणाने फुटते. जखमेत मिरचीपूड, चुना किंवा रॉकेल घालणे, मंतरलेले पाणी पाजणे, विष उतरवणाऱ्याकडे नेणे हे प्रकार अजूनही घडतात, आणि ते नुसते निरुपयोगी नसून घातक आहेत: मिरची आणि चुना यांनी जखमेची हानी वाढते आणि मांत्रिकाकडे गेलेला दिवस परत मिळत नाही. चावणारे सगळेच कुत्रे पिसाळलेले नसतात, त्यामुळे मांत्रिकाकडे गेलेले अनेकजण जगतात आणि श्रेय मंत्राला जाते.

येथील ज्येष्ठांना पोटात घ्यावी लागणारी चौदा इंजेक्शने आठवत असतील. ती भीती अजून लोकांच्या मनात आहे, म्हणून सांगतो की ती लस भारतात 2005 पासून वापरात नाही. ती मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवून करीत. तीत मज्जापेशींचा अंश भरपूर असे आणि त्यामुळे काही रुग्णांची प्रतिकारशक्ती विषाणूबरोबरच स्वतःच्या मज्जातंतूंच्या आवरणावरही चालून जाई, कधी अर्धांगवायू होई. निवड आंधळी असते. समोर जे ठेवाल त्यावरच ती होते. आजची लस शुद्ध केलेली असते ती यासाठी.

गोव्यात आणखी एक गोष्ट घडली आहे. येथे अनेक वर्षे भटक्या कुत्र्यांचे सामूहिक लसीकरण झाले. साधारण 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर त्यांच्यातली रोगाची साखळी तुटू लागते, कारण आत्ता पाहिलेली निवड कुत्र्याच्या लसिका ग्रंथीतही तशीच चालते. मागील तीन वर्षांत माणसाला रेबीज झाल्याची एकही नोंद नसल्याचे राज्य सरकारने जून 2021 मध्ये जाहीर केले. परंतु रोग सीमा ओलांडून येऊ शकतो आणि दरवर्षी नवी पिल्ले जन्मतात, त्यामुळे चावा झाल्यास लस आजही घ्यावीच लागते.

लस लागू पडली हे कसे कळते? रक्ताच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये 0.5 आंतरराष्ट्रीय एकक प्रतिपिंडे आढळली, तर ती पुरेशी मानतात. निरोगी माणसात दोन आठवड्यांत ही पातळी बहुधा गाठली जाते, म्हणून सर्वांची तपासणी करीत नाहीत. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणाऱ्या माणसात मात्र निवडीचे हे काम नीट न होण्याची शक्यता असते, म्हणून त्यांच्यात डॉक्टर ती तपासून घेऊ शकतात.

शेवटच्या फलकावर तीच मुलगी आहे, काही वर्षांनी पुन्हा कुत्रा चावलेली. निवडून आलेल्या पेशींपैकी काही तिच्या अस्थिमज्जेत राहून थोडी थोडी प्रतिपिंडे बनवत राहिल्या आहेत, आणि काही स्मृतिपेशी म्हणून शांत बसल्या आहेत. या वेळी त्यांना सात दिवसांची गरज नाही. जखम पूर्वीप्रमाणेच धुवायची, लस फक्त शून्य आणि तिसऱ्या दिवशी घ्यायची, आणि सीरम मुळीच नको. मात्र पहिला कोर्स पूर्ण झाल्याची नोंद डॉक्टरांना दाखवता आली पाहिजे, अन्यथा त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून ते कार्ड मुलांच्या इतर लसीकरणाच्या कार्डांबरोबरच जपून ठेवावे.